बँक स्टेटमेंटची पीडीएफ: डाउनलोड, पासवर्ड आणि लोनवाल्यांचं 'ही फाईल ओरिजिनल नाही' (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लोनच्या अर्जासोबत आलेली स्टेटमेंटं तपासायचं काम मी बरीच वर्षं केलंय. आता ओळखीतले, त्यांच्या ओळखीतले, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: बँकेकडून फाईल जशी आली तशीच्या तशी पुढे गेली पाहिजे. उघडून वाचा, शंभर वेळा वाचा, पण तिच्यावरून दुसरी फाईल बनवून ती पाठवू नका.

१. ॲपमध्ये व्यवहारांची यादी दिसते, तिचा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट दिली तर चालेल का?

नाही चालणार. ती यादी तुमच्या सोयीसाठी असते, तिच्यावर बऱ्याचदा पूर्ण नाव नसतं, पत्ता नसतो, खाते क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे असतात आणि काही ॲपमध्ये तर प्रत्येक व्यवहारानंतरची शिल्लकही नसते. लोनवाल्यांना ते स्टेटमेंट लागतं जे बँकेचा सर्व्हर स्वतः पीडीएफ म्हणून तयार करून देतो. नेटबँकिंगमध्ये किंवा ॲपमध्ये 'स्टेटमेंट' किंवा 'ई-स्टेटमेंट' असा वेगळा भाग असतो, तिथे खातं आणि तारखा निवडून डाउनलोड करायचं. दुसरा रस्ता म्हणजे बँक दर महिन्याला ईमेलवर पाठवते ती फाईल, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते कारण ती कधी आली आणि कुणाकडून आली हे ईमेलमध्ये आपोआप राहतं.

मिनी स्टेटमेंट हा प्रकार यात मोजूच नका, त्यात शेवटचे थोडेसेच व्यवहार असतात.

२. 'सहा महिन्यांचं द्या' म्हणतात, म्हणजे कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत?

अर्जाच्या दिवसापासून मागे मोजायचं. १० ऑक्टोबरला अर्ज करताय तर १० एप्रिलच्या आधीपासून सुरू करा, सरळ १ एप्रिल घ्या, आणि शेवट ९ किंवा १० ऑक्टोबरला. लोक ३० सप्टेंबरला थांबतात आणि मग मधल्या दहा दिवसांसाठी फाईल परत येते. तारखांची निवड मोठी केली की काही बँकांचं पान 'इतका कालावधी एकावेळी मिळणार नाही' म्हणतं, तेव्हा दोन तुकडे करा पण तुकडे एकमेकांना चिकटलेले हवेत, एक ३० जूनला संपला तर दुसरा १ जुलैलाच सुरू व्हायला हवा. का, ते प्रश्न १२ मध्ये कळेल.

३. एक्सेलमध्ये पण मिळतं, ते दिलं तर त्यांना सोपं नाही का पडणार?

सोपं पडेल, पण ते घेणार नाहीत. एक्सेल किंवा सीएसव्ही कुणीही उघडून आकडा बदलून सेव्ह करू शकतो आणि बदल झाल्याची काही खूण राहत नाही. मागितलीच तर पीडीएफसोबत जोडा, पीडीएफऐवजी नको.

४. फाईल पासवर्ड मागतेय. हा नेटबँकिंगचा पासवर्ड का?

नाही, आणि कृपया तो तिथे टाकून बघत बसू नका. फाईलचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो बँकेने एका ठरलेल्या फॉर्म्युल्याने बनवलेला असतो, म्हणजे जन्मतारीख, किंवा ग्राहक क्रमांक, किंवा नावाची पहिली काही अक्षरं अधिक जन्मतारीख, किंवा मोबाईलचे शेवटचे आकडे, असं काहीतरी. फॉर्म्युला बँकेगणिक वेगळा असतो, कधीकधी एकाच बँकेत ईमेलवर आलेल्या फाईलचा वेगळा आणि ॲपमधून काढलेल्या फाईलचा वेगळा. ज्या ईमेलसोबत फाईल आली त्यातच खाली तो उदाहरणासह लिहिलेला असतो, फक्त आपण सरळ अटॅचमेंटवर बोट ठेवतो. ॲपमधून घेत असाल तर डाउनलोडच्या वेळी स्क्रीनवर क्षणभर येणारा मेसेज वाचा.

५. पासवर्ड शंभर टक्के बरोबर टाकतेय तरी 'चुकीचा' म्हणतंय. फाईल खराब आहे का?

फाईल खराब असती तर ती पासवर्डपर्यंत पोचलीच नसती (ते प्रश्न ७). इथे बहुतेक वेळा टाकण्यातच गडबड असते, आणि आपल्याकडची सगळ्यात भारी गडबड म्हणजे मराठी कीबोर्ड. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असला की आकडे ०५०३१९९० असे पडतात, आणि बँकेला हवे असतात `05031990`. माणसाला दोन्ही एकच, पण कॉम्प्युटरसाठी ही आठही चिन्हं पूर्ण वेगळी आहेत. वरून पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळतही नाही. कीबोर्ड इंग्रजीवर आणा आणि परत टाका, निम्म्या लोकांचं इथेच सुटतं.

तरी नाही उघडलं तर पासवर्ड आधी नोट्समध्ये टाईप करून डोळ्यांनी बघा. कॉपी-पेस्ट केला असेल तर शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते, ती काढा. नावातली अक्षरं लागत असतील तर कॅपिटल की स्मॉल ते ईमेलमधल्या उदाहरणासारखंच हवं, आणि नाव म्हणजे बँकेच्या नोंदीतलं नाव, म्हणजे खात्यावर आडनाव आधी असेल तर पहिली चार अक्षरं आडनावाची. जन्मतारखेत वर्ष दोन आकडी की चार आकडी तेही बघा. संयुक्त खातं असेल तर पासवर्ड सहसा पहिल्या खातेदाराच्या माहितीवरून बनतो, नवरा-बायकोमध्ये यावरून झालेली भांडणं मला माहीत आहेत.

६. नवी स्टेटमेंटं उघडतात पण दीड वर्षापूर्वीची त्याच पासवर्डने उघडत नाहीत, असं का?

कारण पासवर्ड फाईल तयार झाली त्या दिवशी तिच्यात बसवला जातो आणि नंतर बदलत नाही. मध्ये तुम्ही मोबाईल नंबर बदलला असेल आणि फॉर्म्युल्यात मोबाईल असेल तर जुन्या फाईलला जुनाच नंबर लागणार. बँकेने मध्येच फॉर्म्युला बदलला असेल तरी हेच. जुन्या ईमेलमधला जुना फॉर्म्युला वाचा, आणि आठवतच नसेल तर डोकं लावत बसू नका, त्याच कालावधीचं स्टेटमेंट नेटबँकिंगमधून आज परत काढा, ते आजच्या पासवर्डने उघडेल.

७. पासवर्ड मागतच नाही, नुसतं 'फाईल उघडता येत नाही' येतं.

डाउनलोड अर्धवट झालंय. साइज बघा, शून्य केबी किंवा दोन-तीन केबी असेल तर ते स्टेटमेंटच नाही. बऱ्याचदा नेटबँकिंगचं सेशन संपलेलं असतं आणि ब्राउझर 'पुन्हा लॉगिन करा' हे पानच पीडीएफच्या नावाने सेव्ह करून ठेवतो. शंका असेल तर फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा, खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीलाच `%PDF` दिसतं, आणि तिथे `<html` दिसलं तर काय झालं ते कळलंच. नोटपॅडमधून सेव्ह मात्र करू नका. पुन्हा लॉगिन करून पुन्हा डाउनलोड.

८. लोनवाल्यांना त्रास नको म्हणून पासवर्ड काढून साधी फाईल दिली तर? उलट चांगलंच ना?

हाच तो प्रश्न. हेतू चांगला असतो आणि फाईल इथेच मरते.

बऱ्याच बँका स्टेटमेंटवर डिजिटल सही करतात. ही सही म्हणजे चित्र नाही. बँकेचं सॉफ्टवेअर फाईलच्या सगळ्या बाइट्सवरून एक ठसा काढतं आणि तो बँकेच्या गुप्त चावीने बंद करून त्याच फाईलमध्ये ठेवतं. समोरच्याचं सॉफ्टवेअर फाईल उघडताना पुन्हा ठसा काढतं आणि आतल्याशी जुळवतं. जुळला म्हणजे सही झाल्यापासून काही हललेलं नाही. आता तुम्ही पासवर्ड काढता तेव्हा फाईल एन्क्रिप्शनमधून बाहेर येऊन नव्याने लिहिली जाते, म्हणजे बाइट्स बदलले, म्हणजे ठसा जुळत नाही. आकडा एकही बदललेला नाही, तुम्ही शंभर टक्के प्रामाणिक आहात, पण सॉफ्टवेअरला तुमच्या मनातलं दिसत नाही.

'प्रिंट करून पीडीएफ सेव्ह' त्याहून वाईट. त्यात सही मोडत नाही, ती गायबच होते, कारण तयार होते ती पूर्ण नवीन फाईल, तुमच्या कॉम्प्युटरने बनवलेली. वेबसाइटवर अपलोड करून पासवर्ड काढायचे जे फुकट टूल आहेत त्यांचं तर नावच नको, तुमचा सगळा आर्थिक इतिहास तुम्ही अनोळखी सर्व्हरवर ठेवून येता.

पासवर्डसकटच द्या आणि पासवर्ड वेगळा कळवा (प्रश्न १५).

९. पण माझ्या स्टेटमेंटवर तर 'संगणकावर तयार केलेलं, सहीची आवश्यकता नाही' असं लिहिलंय. मग सही कुठून आली?

ते वाक्य पेनाच्या सहीबद्दल आहे. ते कुणीही वर्डमध्ये टाईप करू शकतो, म्हणून त्याने काहीच सिद्ध होत नाही. तसंच पानावर छापलेला हिरवा टिकमार्क किंवा बँकेचा लोगो हे पण चित्रच. खरी सही आहे का हे पानावर बघून कळत नाही, प्रोग्रामला विचारावं लागतं. फोनवरचे आणि ब्राउझरमधले पीडीएफ व्ह्यूअर सहसा सही तपासतच नाहीत, त्यामुळे तिथे काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका. कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये उघडलं की वर निळसर पट्टी येते, तिथून `Signature Panel` उघडा.

लिनक्सवाल्यांसाठी, पॉपलरमधला हा प्रोग्राम तेच काम करतो:

```
pdfsig -upw 05031990 statement.pdf
```

सही शाबूत असेल तर `Signature is Valid` येतं, आणि `Total document signed` आलं की सहीत पूर्ण फाईल धरलेली आहे. `does not contain any signatures` आलं तर एकतर बँक सही करत नाही (प्रश्न १३) किंवा तुमच्या हातात ओरिजिनल फाईल नाहीये.

१०. रीडरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह येतंय, 'व्हॅलिडिटी अननोन'. फाईल बनावट आहे?

नाही. पिवळं आणि लाल यात फार फरक आहे. लाल फुली म्हणजे सही अवैध, बहुतेकदा सहीनंतर फाईल बदललीय. पिवळं प्रश्नचिन्ह म्हणजे सही करणाऱ्याच्या सर्टिफिकेटला तुमचा रीडर ओळखत नाही, एवढंच. रीडरकडे भरवशाच्या संस्थांची स्वतःची यादी असते, बँकेचं सर्टिफिकेट देणारी संस्था त्या यादीत नसेल तर तो खांदे उडवतो. सही करणाऱ्याच्या सर्टिफिकेटमध्ये जाऊन, बँकेचं नाव नीट बघून, `Add to Trusted Certificates` केलं आणि पुन्हा तपासलं की हिरवं होतं. याने फाईल बदलत नाही, फक्त तुमच्या कॉम्प्युटरचं मत बदलतं. त्यामुळे लोनसाठी हे करायची गरजच नाही, समोरच्याच्या सिस्टिममध्ये त्यांची यादी त्यांनी लावलेली असते.

११. मी काहीही बदललं नाही तरी 'छेडछाड झालेली फाईल' म्हणून अर्ज परत आला. हे कसं शक्य आहे?

एक प्रत्यक्षातली केस सांगतो. एक ताई, पगाराचं खातं, एप्रिल ते सप्टेंबरच्या सहा फाइली, सगळ्या ईमेलवर आलेल्या. पासवर्ड सारखा सारखा टाकायचा कंटाळा म्हणून त्यांनी प्रत्येक फाईल उघडली आणि प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून सेव्ह केली. नावंही छान दिली, एप्रिल, मे वगैरे. दोन दिवसांनी रिजेक्ट.

मी फाईल रीडरमध्ये उघडून कंट्रोल-डी दाबलं, तिथे फाईलची जन्मपत्रिका असते. `PDF Producer` समोर होतं `Microsoft: Print To PDF`. बँकेचा सर्व्हर विंडोजच्या प्रिंट मेनूतून स्टेटमेंटं काढत नाही हो. तयार झाल्याची वेळ सहाही फाइलींची एकाच रात्रीची, पाच-सहा मिनिटांच्या आत, आणि आत छापलेल्या तारखा मात्र सहा वेगवेगळ्या महिन्यांच्या. सही एकातही नाही. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जागी मी असतो तर मीही परत केली असती. मॅकवर असंच केलं तर तिथे `Quartz PDFContext` येतं, आणि नेटबँकिंगचं पानच क्रोममधून पीडीएफ केलं तर `Skia/PDF`.

उपाय साधा होता. ईमेलमध्ये मूळ सहा फाइली तशाच पडलेल्या होत्या, त्या पुन्हा डाउनलोड केल्या, न उघडता, नावही न बदलता पाठवल्या, पासवर्ड फोनवर सांगितला आणि अर्ज पुढे गेला. (नाव बदलल्याने सही मोडत नाही, ते फाईलच्या बाहेर असतं. पण परत परत तेच प्रश्न नकोत म्हणून मी बदलू नका सांगतो.)

१२. सहीशिवाय ते आणखी काय बघतात?

बेरीज-वजाबाकी. आधीची शिल्लक, त्यात क्रेडिट मिळवा, डेबिट वजा करा, पुढची शिल्लक यायलाच हवी. समजा शिल्लक ४२,३१५.५०, मग १,२०० डेबिट, शिल्लक ४१,११५.५०, मग पगार ५५,००० क्रेडिट, शिल्लक ९६,११५.५०. कुणी पगाराचे ५५,००० चे ६५,००० केले तर शिल्लक १,०६,११५.५० करावी लागते, मग त्याखालची प्रत्येक ओळ, मग महिन्याची अखेरची शिल्लक, मग पुढच्या महिन्याची सुरुवातीची, असं शेवटच्या पानापर्यंत. एक ओळ राहिली की सॉफ्टवेअर तिथेच बोट ठेवतं. आणि बदललेल्या आकड्यांचा फाँट आजूबाजूच्या आकड्यांपेक्षा वेगळा नोंदला गेला तर तेही दिसतं.

प्रामाणिक माणसाला याचा फटका बसतो तो गहाळ पानांमुळे. अकरा पानांतलं एक पान स्कॅन करताना राहिलं, किंवा दोन तुकड्यांमध्ये एक दिवस सुटला, की साखळी तुटते आणि दिसायला ते छेडछाडीसारखंच दिसतं.

१३. माझी बँक डिजिटल सही करतच नाही. मग मी काय करू?

आधी प्रश्न ९ प्रमाणे खात्री करा. मग लोनवाल्यांना सरळ विचारा, कारण इथे प्रत्येकाचा नियम वेगळा. काही जण बिनसहीची पण ओरिजिनल फाईल घेतात आणि बाकीच्या खुणांवरून ठरवतात. काही स्टेटमेंटवर क्यूआर कोड किंवा पडताळणीची लिंक असते, ती बघतात. काही जण शाखेतून छापून शिक्का आणि सही मारलेली प्रत मागतात, तेव्हा प्रत्येक पानावर शिक्का घ्या, नुसत्या पहिल्या पानावर घेऊन आलात तर दुसरी चक्कर नक्की.

१४. काही खाजगी व्यवहार झाकले तर? आणि पगाराच्या ओळी पिवळ्या केल्या तर?

झाकणं म्हणजे सरळ रिजेक्ट, कारण झाकलेल्या ओळीखाली काय आहे हे त्यांना कळायला मार्ग नाही. पिवळं करणं मदतीसाठी असतं हे मान्य, पण सेव्ह केलं की फाईल बदलली, आणि सही तपासताना 'सहीनंतर बदल' असं दिसू शकतं. त्यापेक्षा ईमेलमध्येच लिहा की पगार दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक नावाने जमा होतो.

१५. पासवर्ड त्यांना द्यायचा? आणि ते नेटबँकिंगचं लॉगिन मागतायत, ते?

फाईलचा पासवर्ड द्यायलाच लागेल, पण त्याच ईमेलमध्ये नको, फोनवर किंवा वेगळ्या मेसेजमध्ये द्या. पोर्टलवर अपलोड असेल तर सहसा पासवर्डची वेगळी चौकट असते. लक्षात ठेवा की हा पासवर्ड बदलता येत नाही आणि त्यात तुमची जन्मतारीख असू शकते, म्हणून अर्धवट ओळखीच्या एजंटला फॉरवर्ड करू नका.

नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कुणालाही नाही. लोनवाल्यांना डेटा थेट बँकेकडून हवा असेल तर संमती देऊन पाठवायची सोय काही देशांत आहे, भारतात अकाउंट ॲग्रीगेटर, ब्रिटन-युरोपात ओपन बँकिंग. तिथे तुम्ही कुठलं खातं, किती महिने हे निवडून संमती देता आणि फाईलचा प्रश्नच उरत नाही. ती सोय असेल तर मी तीच घेतो.

१६. अपलोडला एकच जागा आहे आणि माझ्या सहा फाइली आहेत. जोडू का? साइज पण जास्त आहे.

जोडल्यावर सह्या जातात, आणि साइज कमी करणाऱ्या टूलने पण जातात, कारण दोन्हीत फाईल नव्याने लिहिली जाते. झिप करा. झिपमध्ये फाईल जशीच्या तशी राहते आणि बाहेर काढल्यावर सही शाबूत असते. पोर्टल झिप घेत नसेल तर नेटबँकिंगमधून पूर्ण कालावधीचं एकच स्टेटमेंट काढा, बऱ्याच बँका ते देतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो काढून नाही.

१७. दोन वर्षांपूर्वी डाउनलोड केलेली फाईल, तेव्हा हिरवी होती, आता सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणतंय.

सर्टिफिकेटला मुदत असते, पण सही मुदतीच्या आत झाली होती का हे महत्त्वाचं. सहीसोबत भरवशाचा टाइमस्टॅम्प असेल तर तपासणाऱ्याला ते कळतं, नसेल तर काही सिस्टिम अडतात. वाद घालत बसण्यापेक्षा तेच महिने बँकेकडून आज पुन्हा काढा, नव्या फाईलवर आजच्या सर्टिफिकेटची सही असेल. खातं बंद झालं असेल आणि नेटबँकिंगच नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्यावा लागतो, त्याला दिवस लागतात, तेवढे हाताशी ठेवून निघा.